संमतीपत्र तपासताना: सोपी भाषा, खरे धोके आणि बाहेर पडण्याची वाट

संशोधनाचं संमतीपत्र तपासायला हातात आलं की बहुतेक जण लाल पेन घेऊन अवघड शब्द शोधू लागतात. ते काम करायचंच असतं, पण ते नंतर केलं तरी चालतं. आधी दोन गोष्टी पाहायच्या: कागदावर लिहिलंय ते प्रत्यक्षात घडणार आहे का, आणि जे घडणार आहे ते सगळं कागदावर आलंय का. ‘तुम्ही केव्हाही अभ्यासातून बाहेर पडू शकता’ हे वाक्य शाळकरी मुलालाही कळेल. तरी ते अपुरं असू शकतं, कारण बाहेर पडल्यावर गोळ्या कोण बदलून देणार, घेतलेल्या रक्ताचं काय होणार आणि हे नेमकं कोणाला सांगायचं, यातलं काहीच त्यात नाही. संमतीपत्रातले सर्वांत मोठे घोटाळे अशा सोप्या वाक्यांतच दडलेले असतात.

हे नीट दाखवण्यासाठी एक उदाहरण घेऊ. ते या लेखासाठी रचलेलं आहे, आकडेही त्यातलेच.

रक्तदाबावरच्या एका नव्या गोळीची चाचणी आहे. आधीपासून रक्तदाबाच्या दोन गोळ्या घेणारे २४० जण त्यात घ्यायचे आहेत. त्यांच्या दोनपैकी एक गोळी सुरुवातीला दोन आठवडे बंद ठेवायची. मग निम्म्या लोकांना तिच्या जागी नवी गोळी द्यायची आणि निम्म्यांना प्लासिबो, म्हणजे दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. हे २४ आठवडे चालेल. कोणाला काय मिळतंय हे त्या व्यक्तीलाही माहीत नसेल आणि तिला तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. शिवाय रक्ताची एक जादा नळी जनुकांच्या अभ्यासासाठी १५ वर्षं साठवायची आहे.

## आधी प्रोटोकॉल, मग संमतीपत्र

संशोधनाचा मूळ आराखडा, म्हणजे प्रोटोकॉल, शेजारी उघडून ठेवल्याशिवाय संमतीपत्राचं पहिलं पानसुद्धा वाचू नये. नुसतं संमतीपत्र वाचलं तर त्यात काय आहे तेवढंच कळतं. काय गाळलंय ते कळायला दुसरा कागद लागतो. गोळीबद्दलची आजवरची माहिती ज्यात असते ते माहितीपुस्तकही मागून घ्यावं. साइड इफेक्टचे आकडे त्यात सापडतात.

प्रोटोकॉलमध्ये भेटींचा एक तक्ता असतो. कोणत्या आठवड्यात काय करायचं ते त्यात आडवं-उभं मांडलेलं असतं. त्यावरून एका काल्पनिक सहभागीचं वेळापत्रक आपल्या हाताने कागदावर लिहून काढायचं: पहिल्या दिवशी तिच्या बाबतीत काय होईल, चौदाव्या दिवशी काय, शेवटी काय. हे कंटाळवाणं वाटतं, पण पुढचं सगळं काम यावर उभं असतं.

आपल्या उदाहरणात हे केलं तर लगेच तीन गोष्टी हाती लागतात. संमतीपत्र म्हणतं ‘सहा महिन्यांत सहा भेटी’. तक्त्यात भेटी सात आहेत: पहिली तपासणी, दोन आठवड्यांनी गोळी सुरू करायची भेट, आणि त्यानंतर ४, ८, १२, १८ व २४ आठवडे पूर्ण झाल्यावर एकेक. एकूण काळ २६ आठवडे होतो, कारण सुरुवातीचे दोन आठवडे लिहिणाऱ्याने धरलेलेच नाहीत. दुसरं, ‘थोडं रक्त घेतलं जाईल’ असं लिहिलंय. तक्त्यात प्रत्येक भेटीला १० मिली, म्हणजे ७० मिली, आणि साठवणीची १० मिलीची एक नळी, असं मिळून ८० मिली आहे. पाच मिलीच्या छोट्या चमच्याने मोजलं तर सोळा चमचे. निरोगी प्रौढाला सहा महिन्यांत एवढं रक्त गेल्याने काही होत नाही, पण ‘थोडं’ म्हणजे किती हे ज्याचं त्याने कल्पनेवर सोडायचं कारण नाही.

तिसरी गोष्ट या दोन्हींपेक्षा मोठी आहे. संमतीपत्रात ‘काय केलं जाईल’ या भागात एक ओळ येते: ‘दोन आठवड्यांचा वॉशआउट कालावधी असेल.’ बस्स, एवढंच. वेळापत्रक हाताने लिहिताना लक्षात येतं की या ओळीचा अर्थ ‘तुमची रक्तदाबाची एक गोळी बंद केली जाईल’ असा आहे. आणि ती गोळी दोन नव्हे, सव्वीस आठवडे बंद राहील. ज्यांना प्लासिबो मिळेल त्यांना या सगळ्या काळात तिच्या जागी दुसरं औषधही नसेल.

## पहिलं पान

अमेरिकेच्या २०१८ च्या सुधारित नियमांत एक चांगली अट आहे: भाग घ्यायचा की नाही हे ठरवायला जी माहिती सर्वांत जास्त लागते ती संमतीपत्राच्या अगदी सुरुवातीला, थोडक्यात आली पाहिजे. तो नियम आपल्याला लागू असो वा नसो, तपासणीसाठी ही कसोटी उपयोगी आहे. पहिलं पान वाचून पत्र मिटवायचं आणि स्वतःला विचारायचं: एखाद्याने एवढंच वाचलं तर ‘नाही’ म्हणण्याचं सर्वांत सबळ कारण त्याला कळलं का?

आपल्या पत्राचं पहिलं पान संस्थेची ओळख, रक्तदाब हा किती मोठा प्रश्न आहे आणि नव्या गोळीबद्दलच्या आशा यांनी भरलेलं आहे. चालू गोळी बंद होणार, हे पाचव्या पानावर. ते पहिल्या पानावर आलं पाहिजे, ‘कदाचित तुम्हाला औषध नसलेली गोळी मिळेल’ याच्या शेजारी.

याच पानावर आणखी एक गैरसमज खोडायचा असतो. १९८२ मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ पॉल ॲपलबॉम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या गैरसमजाला ‘थेराप्युटिक मिसकन्सेप्शन’ असं नाव दिलं आणि तेव्हापासून त्यावर बरंच लिहिलं गेलंय. सहभागी माणसाला वाटतं की संशोधनातही डॉक्टर आपल्या प्रकृतीला काय बरं ते पाहूनच गोळी निवडतात. प्रत्यक्षात इथे कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं. म्हणून ‘नवीन उपचार’ असे शब्द जिथे जिथे दिसतील तिथे ‘अभ्यासातली गोळी’ असं करायला सांगावं. उपचार म्हटलं की ती चालते असं आपण आधीच कबूल केलेलं असतं. चालते की नाही हेच तर शोधायचंय.

## भाषा: शब्दांपेक्षा कर्ता हरवतो

आता लाल पेन घ्या. माझ्या मते अवघड शब्दांपेक्षा जास्त त्रास होतो तो कर्ता गायब झाल्यामुळे. ‘रक्तनमुने संकलित करण्यात येतील व विश्लेषणार्थ पाठवण्यात येतील.’ कोण घेणार, कुठून घेणार, कुठे पाठवणार? ‘नर्स तुमच्या हाताच्या शिरेतून रक्त घेईल. ते तपासणीसाठी दुसऱ्या प्रयोगशाळेत जाईल. तिथे त्यावर तुमचं नाव नसेल, फक्त एक क्रमांक असेल.’ एका वाक्याची तीन झाली, पण त्यात माणसं दिसायला लागली. शिवाय कर्ता लिहायचा म्हटला की कधी कधी लिहिणाऱ्यालाच ते ठाऊक नसतं असं उघड होतं.

दुसरी खोड एकाच वस्तूला चार नावं देण्याची. एका पानावर ‘अभ्यास औषध’, पुढे ‘संशोधनाधीन उत्पादन’, मग ‘सक्रिय घटक’, मग ‘गोळी’. निबंधात हे शोभतं. संमतीपत्रात वाचणाऱ्याला चार वेगळी औषधं आहेत असं वाटतं. एक नाव ठरवून शेवटपर्यंत तेच ठेवायचं.

‘यादृच्छिकीकरण’ हा शब्द सरळ काढून टाकावा. ‘तुम्हाला कोणती गोळी मिळेल हे संगणक ठरवेल. दोन्हींची शक्यता सारखीच आहे. तुम्ही किंवा तुमचे डॉक्टर ती निवडू शकणार नाहीत,’ एवढं पुरतं. ‘चिठ्ठ्या टाकून’ म्हणायलाही हरकत नाही, पण मग दोन्हींची शक्यता सारखी आहे की नाही ते तपासा. काही चाचण्यांमध्ये तीनातल्या दोघांना नवी गोळी मिळते.

वाचनसुलभतेची गुणसंख्या काढणारी सूत्रं इंग्रजीतल्या शब्दांची लांबी आणि अक्षरावयव मोजून बसवलेली आहेत. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे ‘प्रयोगशाळेतल्यांनासुद्धा’ हा एकच शब्द होतो आणि सगळी मोजणी कोलमडते. त्या आकड्यावर विसंबू नये. मोठ्याने वाचणं हा जास्त भरवशाचा उपाय. जिथे मध्येच श्वास घ्यावा लागतो किंवा वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरते, तिथे खूण करायची. ‘ज्यामध्ये’, ‘ज्यायोगे’, ‘तथापि’ यांच्यावर बहुतेक वेळा वाक्य तोडता येतं.

एक वाक्य मात्र भाषेचा प्रश्न म्हणून सोडून देऊ नका. ‘कोणत्याही नुकसानीस संस्था जबाबदार राहणार नाही’ अशा अर्थाची ओळ कुठे दिसली तर ती सोपी करायची नाही, काढायला लावायची. सहभागीकडून त्याचे कायदेशीर हक्क सोडवून घेणारी किंवा सोडल्यासारखं भासवणारी भाषा गुड क्लिनिकल प्रॅक्टिसच्या आंतरराष्ट्रीय नियमांनाच मान्य नाही.

## धोक्यांचा भाग: यादी आणि मोजमाप

आपल्या संमतीपत्रातला मूळ मजकूर असा आहे:

> काही रुग्णांमध्ये सौम्य ते मध्यम स्वरूपाचे ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन, डोकेदुखी, मळमळ, थकवा इ. आढळू शकते. आतापर्यंत कोणतेही गंभीर यकृत-दुष्परिणाम आढळलेले नाहीत.

माहितीपुस्तक उघडलं तर आधीच्या चाचणीचे आकडे मिळतात. नवी गोळी घेणाऱ्या १८० जणांपैकी २७ जणांना उठून उभं राहताना चक्कर आली, प्लासिबो घेणाऱ्या १८० पैकी ९ जणांना. नवी गोळी घेणाऱ्यांतले दोघे चक्कर येऊन पडले. त्यातल्या एकाचं मनगट मोडलं.

आता मूळ मजकूर पुन्हा वाचा. ऑर्थोस्टॅटिक हायपोटेन्शन म्हणजे उभं राहताना रक्तदाब उतरणं. ‘सौम्य ते मध्यम’ हे वर्णन तो किती उतरला याचं आहे, माणसाला काय झालं याचं नाही. मोडलेलं मनगट त्या दोन शब्दांच्या मागे गेलं. धोक्याची प्रत्येक ओळ तपासताना चार गोष्टी पाहायच्या: माणसाला काय जाणवेल, किती जणांना होतं, ते किती वाईट होऊ शकतं, आणि झाल्यावर काय करायचं. डोकेदुखीसाठी हे चारही लिहायची गरज नाही, नाहीतर पत्र चाळीस पानांचं होईल. पण जो धोका सर्वांत जास्त जणांना होतो आणि जो सर्वांत वाईट आहे, त्या दोन्हींसाठी लिहायलाच हवं.

‘काही’, ‘क्वचित’, ‘सामान्यतः’ हे शब्द आकड्याशिवाय निरुपयोगी आहेत. युरोपात औषधांच्या माहितीपत्रकात ‘सामान्य’ म्हणजे शंभरात एक ते दहा जण असं ठरलेलं आहे. पण नुसता शब्द वाचणारे लोक त्यावरून खऱ्यापेक्षा बरीच जास्त शक्यता धरतात. म्हणून आकडा द्यायचा, तो माणसांमध्ये द्यायचा, आणि सगळीकडे शंभरावरच द्यायचा. एका ओळीत ‘सहापैकी एक’ आणि दुसरीत ‘वीसपैकी एक’ असं लिहिलं की दोन्हींची तुलना वाचणाऱ्याच्या डोक्यावर पडते. २७ आणि ९ यांचे शंभरात १५ आणि ५ होतात. हे दोन्ही आकडे हवेत. फक्त १५ दिला तर सगळी चक्कर गोळीचीच आहे असं वाटेल. उलट ‘धोका तिप्पट’ एवढंच लिहिलं तर मूळचा धोका किती ते कळणारच नाही.

दुसरं वाक्य, ‘गंभीर यकृत-दुष्परिणाम आढळलेले नाहीत’, खरं आहे आणि तरी फसवं आहे. किती जणांत आढळले नाहीत? एक जुना, साधा अंदाज इथे उपयोगी पडतो. एखादी गोष्ट काही माणसांत एकदाही घडली नसेल, तर तिची खरी शक्यता जास्तीत जास्त ‘तीन भागिले तितकी माणसं’ एवढी असू शकते, असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. इथे तीन भागिले १८०, म्हणजे साठात एक. यकृताला गंभीर इजा साठातल्या एकाला होत असती, तरी १८० जणांत ती एकदाही न दिसणं अशक्य नव्हतं. हा हिशेब संमतीपत्रात लिहायचा नाही. तपासणाऱ्याने तो मनात करायचा आणि त्या वाक्यात माणसांची संख्या व मर्यादा दोन्ही घालायला सांगायचं.

आता त्या वॉशआउटकडे येऊ. धोक्यांच्या भागात जे काही लिहिलंय ते सगळं नव्या गोळीबद्दल आहे. जुनी गोळी बंद केल्यावर काय होऊ शकतं, याबद्दल एक अक्षर नाही. ही चूक फार सर्रास दिसते, कारण धोके लिहिणारा माणूस माहितीपुस्तक समोर ठेवून लिहितो आणि माहितीपुस्तक फक्त नव्या औषधाबद्दल असतं. या चाचणीत प्लासिबो मिळणाऱ्या १२० जणांना नव्या गोळीचा काहीच धोका नाही. त्यांचा धोका आहे सहा महिने एक गोळी कमी घेण्याचा. रक्तदाब वाढू शकतो, आणि तो वाढला तरी बहुतेक वेळा काही जाणवत नाही. प्रोटोकॉलमध्ये यासाठी तरतूद आहे: वरचा आकडा १८० किंवा खालचा ११० च्या वर गेला तर अभ्यासातली गोळी थांबवून जुनी सुरू करायची. संमतीपत्रात तीही नाही.

चालणारं औषध हाताशी असताना प्लासिबो द्यावा का, हा वेगळा आणि जड प्रश्न आहे. माणसांवरच्या वैद्यकीय संशोधनाची नैतिक तत्त्वं सांगणाऱ्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्यात त्याच्यासाठी कडक अटी आहेत. तो प्रश्न संशोधनाला मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीने प्रोटोकॉलवर सोडवायचा असतो. संमतीपत्र कितीही स्वच्छ लिहिलं तरी प्रोटोकॉलमधली चूक त्याने भरून निघत नाही. शंका असेल तर ती वेगळी नोंदवा, वाक्यदुरुस्तीत लपवू नका.

सुधारलेला मजकूर साधारण असा होईल:

> तुमची आधीची गोळी बंद असण्याचा धोका. तुमच्या दोनपैकी एक गोळी आम्ही पहिल्या दिवसापासून बंद करू. ती एकूण २६ आठवडे बंद राहील. तुम्हाला औषध नसलेली गोळी मिळाली, तर या सगळ्या काळात तिच्या जागी दुसरं औषध नसेल. या काळात तुमचा रक्तदाब वाढू शकतो. तो वाढल्याचं तुम्हाला जाणवेलच असं नाही, म्हणून आम्ही प्रत्येक भेटीत तो मोजू. वरचा आकडा १८० च्या किंवा खालचा ११० च्या वर गेला, तर आम्ही अभ्यासातली गोळी थांबवू आणि तुमची आधीची गोळी पुन्हा सुरू करू. छातीत दुखलं, बोलताना जीभ अडखळली किंवा हात-पाय लुळा वाटला, तर भेटीची वाट पाहू नका. ताबडतोब जवळच्या दवाखान्यात जा.
>
> नव्या गोळीचा धोका. आधीच्या अभ्यासात नवी गोळी घेणाऱ्या १०० पैकी १५ जणांना उठून उभं राहताना चक्कर आली. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या १०० पैकी ५ जणांनाही ती आली. नवी गोळी घेणाऱ्या १८० जणांपैकी दोघे चक्कर येऊन पडले. त्यातल्या एकाचं मनगट मोडलं. सावकाश उठा. चक्कर येत असेल तर वाहन चालवू नका आणि आम्हाला फोन करा. ही गोळी आजवर १८० जणांनीच घेतली आहे. त्यांच्यात यकृताला गंभीर इजा झालेली दिसली नाही, पण क्वचित होणारे त्रास इतक्या कमी माणसांत दिसतीलच असं नाही.

हे मूळच्यापेक्षा बरंच लांब आहे. चालेल. लांबी कमी करायचीच असेल तर संस्थेच्या ओळखीतून करावी.

औषधाशिवायचे धोके विसरू नका. या चाचणीत पहिल्या आणि शेवटच्या भेटीनंतर २४ तास दंडावर रक्तदाब मोजणारा पट्टा बांधायचा आहे. तो रात्रीही ठरावीक वेळाने फुगतो, झोप मोडते. धोका किरकोळ आहे, पण रात्रपाळी करणाऱ्याने ‘नाही’ म्हणायला तेवढं पुरेसं असतं. जनुकांच्या माहितीचा धोका शरीराला नसतो. ती माहिती बाहेर गेली तर नातेवाइकांबद्दलही काही उघड होऊ शकतं, हे एका वाक्यात यायला हवं.

## बाहेर पडण्याचा हक्क: वाक्य नव्हे, वाट

प्रयोग थांबवण्याची मोकळीक ज्याच्यावर प्रयोग होतोय त्याला असली पाहिजे, हे तत्त्व नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेल्या १९४७ च्या न्युरेंबर्ग संहितेपासून लेखी आहे. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यानंतर ते जगभर रुळलं. त्यामुळे ते वाक्य नाही असं संमतीपत्र आता जवळजवळ सापडत नाही. आपल्या पत्रातही आहे: ‘सहभाग ऐच्छिक असून आपण कोणत्याही वेळी, कोणतेही कारण न देता माघार घेऊ शकता. याचा आपल्या उपचारांवर परिणाम होणार नाही.’ नियम पाळला गेला, पण वाट दिसली का? इथे घाई करू नका.

उद्या सकाळी एखादी सहभागी उठून म्हणाली ‘मला आता नको’, तर तिच्या पुढच्या काही तासांचा विचार करा. कोणाला फोन करायचा? संमतीपत्रात फक्त मुख्य संशोधकांचा क्रमांक आहे, आणि तेच तिचे नेहमीचे डॉक्टर आहेत. त्यांना ‘नाही’ म्हणणं सोपं नसतं. म्हणून दुसऱ्या कोणाचा तरी क्रमांक हवा. तोंडी सांगितलं तर चालेल हे स्पष्ट लिहिलेलं हवं. काही संस्था माघारीचा फॉर्म भरून मागतात. नोंद ठेवायला फॉर्म असू दे, पण तो भरल्याशिवाय माघार होत नाही असा अर्थ निघता कामा नये.

मग गोळ्यांचं काय? ती आज काय घेतेय हे तिला माहीत नाही. जुनी गोळी बंद आहे. तिने अभ्यासातली गोळी सोडून दिली आणि जुनी सुरू केली नाही, तर ती एका गोळीवरच राहील. रक्तदाबाची काही औषधं अशीही असतात की ती एकदम सोडली तर रक्तदाब उसळतो. त्यामुळे ‘केव्हाही सोडा’ याच्या लगेच पुढे ‘पण सोडताना आम्हाला कळवा, म्हणजे आम्ही त्याच दिवशी तुमची आधीची गोळी सुरू करू’ हे हवं. यातला ‘कळवा’ हा शब्द नीट तोलून लिहावा लागतो. ती सुरक्षिततेसाठीची विनंती आहे, परवानगी मागायची अट नाही. ‘माघारीपूर्वी अंतिम तपासणी अनिवार्य’ असं आपल्या पत्रात आहे. तिथे ‘शेवटची तपासणी करून घ्यावी असं आम्ही सुचवू, पण तुम्ही नाही म्हणू शकता’ असं व्हायला हवं.

तिसरी गोष्ट, माघार एकाच प्रकारची नसते. कोणाला गोळी नको असते, पण तपासण्यांना यायला हरकत नसते. कोणाला यायला जमत नाही, फोनवर बोलायला चालतं. कोणाला काहीच नको असतं. कोणाला फक्त ती साठवलेली नळी नको असते. हे पर्याय वेगळे लिहिले नाहीत तर लोक सगळं सोडतात, किंवा सगळं सोडावं लागेल या भीतीने काहीच सोडत नाहीत. जनुकांच्या साठवणीसाठी हो-नाहीची वेगळी खूण आणि वेगळी सही असावी, आणि तिथे ‘नाही’ म्हटलं तरी चाचणीत राहता येतं हे लिहिलेलं असावं.

यानंतर माहिती आणि नमुने. इथे गोड खोटं लिहायचा मोह होतो. आपल्या पत्रात आहे: ‘माघार घेतल्यास आपली सर्व माहिती व नमुने नष्ट केले जातील.’ ऐकायला उत्तम, पण होणार नाही. औषधांच्या चाचण्यांत माघारीपर्यंत जमलेली माहिती सहसा ठेवावीच लागते, आणि त्याला कारण आहे. चक्कर येऊन पडलेले दोघे त्या वैतागानेच बाहेर पडले आणि त्यांची नोंद पुसली, तर गोळी आहे त्यापेक्षा सुरक्षित दिसेल, आणि त्याची किंमत पुढे गोळी घेणारे मोजतील. म्हणून खरं तेच लिहायचं: आधीची माहिती राहील, नवी जमा होणार नाही.

नमुन्यांसाठी प्रोटोकॉलचं शेवटचं परिशिष्ट वाचा. आपल्या प्रोटोकॉलमध्ये लिहिलंय की दोन वर्षांनी नाव आणि क्रमांक यांना जोडणारी यादी नष्ट होईल. त्यानंतर कोणती नळी कोणाची हे कोणालाच सांगता येणार नाही, म्हणजे ती शोधून नष्टही करता येणार नाही. पत्र मात्र १५ वर्षांत केव्हाही नमुना परत मागता येईल असं वचन देतं. दोन कागदांतली ही विसंगती नुसतं संमतीपत्र सोपं करणाऱ्याला कधीच सापडत नाही. नमुना बाहेरच्या प्रयोगशाळेत जाणार असेल, तर तिच्याशी झालेल्या करारात सांगितल्यावर नमुना नष्ट करण्याची अट आहे का, तेही विचारा.

पैशाकडेही एक नजर टाका. प्रवासखर्च आणि मोबदला ‘अभ्यास पूर्ण केल्यावर’ मिळणार असेल, तर बाहेर पडण्याचा हक्क कागदावर राहतो आणि खिसा तो वापरू देत नाही. तो दर भेटीला द्यावा.

सुधारलेला मजकूर:

> तुम्ही केव्हाही ‘मला आता नको’ म्हणू शकता. कारण सांगायची किंवा काही लिहून द्यायची गरज नाही. आम्हाला किंवा खाली दिलेल्या दुसऱ्या क्रमांकावर तोंडी सांगितलं तरी पुरे. दुसरा क्रमांक ज्यांचा आहे ते तुमच्यावर उपचार करत नाहीत. तुमचे नेहमीचे उपचार पूर्वीसारखेच चालू राहतील.
>
> गोळी थांबवायची ठरवलंत तर कृपया त्याच दिवशी फोन करा. आम्ही तुमची आधीची गोळी पुन्हा सुरू करून देऊ, म्हणजे रक्तदाब वाढणार नाही.
>
> तुम्ही फक्त गोळी थांबवून तपासण्यांना येत राहू शकता, फक्त फोनवर बोलू शकता, किंवा सगळंच थांबवू शकता. साठवलेली रक्ताची नळी तेवढी नको, असंही सांगू शकता.
>
> तोपर्यंत जमलेली माहिती आम्ही ठेवू, कारण गोळीचे त्रास लपू नयेत. त्यानंतर तुमच्याबद्दल नवी माहिती घेणार नाही. साठवलेलं रक्त तुम्ही दोन वर्षांच्या आत सांगितलं तर आम्ही नष्ट करू. दोन वर्षांनंतर कोणती नळी तुमची हे आम्हालाही कळणार नाही, त्यामुळे ते शक्य होणार नाही. तोवर झालेल्या तपासण्यांचे निकाल पुसता येणार नाहीत.

संशोधकही सहभागीला अभ्यासातून काढू शकतात, तेव्हा कोणत्या कारणांनी हे एका ओळीत असावं. आणि अभ्यास चालू असताना नवा धोका कळला तर सहभागीला तो सांगून पुन्हा विचारलं जाईल, ही ओळ शोधा. ती नसेल तर बाहेर पडण्याचा हक्क अर्धाच राहतो, कारण बाहेर पडण्याचं कारणच माणसाला कळत नाही.

## कागद माणसांपुढे ठेवणं

एवढं झाल्यावर संशोधनाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना पत्र वाचायला द्यायला सांगा, शक्यतो ज्यांना सहभागी करून घ्यायचंय त्यांच्यासारख्या वयाच्या आणि शिक्षणाच्या. ‘समजलं का?’ असं विचारू नये, सगळे हो म्हणतात. पत्र हातात ठेवूनच, पण त्यांच्या शब्दांत उत्तर मागावं. आपल्या पत्रासाठी मी एवढे प्रश्न ठेवेन: तुमची कोणती गोळी बंद होणार आणि जास्तीत जास्त किती दिवस? तुम्हाला कोणती गोळी द्यायची हे डॉक्टर कशावरून ठरवतील? उठताना चक्कर आली तर काय कराल? तिसऱ्या महिन्यात सोडायचं ठरलं तर पहिला फोन कोणाला, आणि तुमच्या रक्ताचं काय होईल?

दुसऱ्या प्रश्नाला ‘माझा रिपोर्ट बघून’ असं उत्तर आलं तर ते वाक्य पडलं, मग ते आपल्याला कितीही सोपं वाटो. एका माणसाचं चुकीचं उत्तर सोडून देता येतं. तेच उत्तर दोघांनी दिलं तर वाक्य बदलायचं आणि नव्या वाचणाऱ्यापुढे ठेवायचं.

याची मर्यादाही सांगतो. २००४ मध्ये जेम्स फ्लोरी आणि इझिकिएल इमॅन्युएल यांनी समज वाढवण्याच्या उपायांवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात सर्वांत उपयोगी ठरला तो माणसाने माणसाशी निवांत बोलण्याचा उपाय. सुधारलेल्या कागदाचा फायदा त्यामानाने कमी-जास्त होता. म्हणून आपल्या शेऱ्यात एक प्रश्न संमतीच्या पद्धतीबद्दलही असावा: पत्र दिल्यापासून सही घेईपर्यंत किती वेळ असेल, आणि बोलणार कोण?

## शेरे कसे लिहावेत

‘भाषा सोपी करावी’ असा शेरा लिहिला की पत्र दोन शब्द बदलून परत येतं. प्रत्येक शेऱ्यात पान, मूळ वाक्य, अडचण आणि पर्यायी वाक्य द्यावं. ‘पान ५: “वॉशआउट कालावधी असेल” यातून चालू गोळी बंद होणार हे कळत नाही, आणि धोक्यांच्या भागात त्याचा उल्लेख नाही. पान १ वर आणि धोक्यांत पुढीलप्रमाणे घालावं.’ शेऱ्यांचे दोन गट करा: ज्यांच्याशिवाय मंजुरी देता येणार नाही ते, आणि केलं तर बरं असे. वॉशआउट, नमुन्यांची दोन वर्षं आणि ‘अनिवार्य’ तपासणी पहिल्या गटात. ‘विश्लेषणार्थ’ दुसऱ्यात.

दुरुस्त पत्र परत आलं की फक्त रंगवलेले बदल पाहून सही करू नका. नवी आवृत्ती सुरुवातीपासून वाचा. धोक्यांच्या भागात २६ आठवडे झालेले असतात आणि पहिल्या पानावर अजून ‘सहा महिन्यांत सहा भेटी’ तशीच असते. इतर भाषांतल्या प्रतींमध्येही तोच बदल गेलाय का ते पाहा. प्रत्येक पानाच्या तळाशी आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख नवी आहे का तेही बघा, नाहीतर दवाखान्यातल्या टेबलावर जुनीच प्रत सहीसाठी पुढे केली जाते.